मदत हवी आहे: चॅनलचं हँडल बदललं तर जुन्या लिंकचं काय होतं?

नमस्कार मंडळी. पेडण्यात आमचं दशावताराचं यूट्यूब चॅनल आहे. आता फुगडी आणि भजनंही टाकतो, म्हणून नाव आणि हँडल दोन्ही बदलायचं आहे. नुसतं नाव बदललं तर हँडल तसंच राहतं, एवढं कळलं. हँडल बदलल्यावर जुनी लिंक 14 दिवस चालते आणि तेवढ्यात मागेही फिरता येतं. त्यानंतर मात्र ते हँडल दुसरं कुणीही घेऊ शकतं, आणि खरी काळजी तीच आहे. देवळाच्या मंडपातल्या फलकावर जो क्यूआर छापलाय, त्यात हँडलचीच लिंक आहे. उद्या जत्रेला आलेला माणूस तो स्कॅन करून भलत्याच चॅनलवर गेला तर?

व्हिडिओंच्या लिंकना धक्का लागत नाही, कारण त्यात हँडल नसतंच. म्हणून नवा क्यूआर `youtube.com/channel/UC…` या कायमच्या पत्त्यावरून काढायचं ठरवतोय.

पण इतर मंडळांनी आपल्या व्हिडिओंखाली आमचं जुनं हँडल लिहिलंय, ते त्यांनाच बदलायला सांगावं लागेल का? आणि गूगलवर जुनं नाव किती दिवस दिसत राहतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, फलक जत्रेआधी छापायचाय.