घरात कुत्रा, रात्री तबला आणि सोसायटीची नोटीस (अनुभव धागा)

पेठेतला_प्रवासी
आमच्या सोसायटीने यंदाच्या एजीएममध्ये एक चार पानी 'आचारसंहिता' मंजूर केली. कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही, दुपारी दोन ते चार मिक्सर लावायचा नाही, अविवाहितांना फ्लॅट द्यायचा नाही, रात्री अकरानंतर पाहुणा आला तर गेटवर नोंद आणि सेक्रेटरींना फोन. दुपारच्या शांततेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण बाकीचं वाचून वाटलं की आपण घर घेतलंय की वसतिगृहात खोली? तुमच्याकडे असे काय नियम आहेत, कोणी त्यांना आव्हान दिलं का, आणि पुढे काय झालं ते लिहा. निव्वळ कायद्याचे उतारे नकोत, घडलेलं सांगा.

ठाणेकर_काका
त्यात आव्हान देण्यासारखं काय आहे? सर्वसाधारण सभा सर्वोच्च असते. बहुमताने ठरलं की ठरलं. तुम्ही सभेला गेला नसाल तर दोष कोणाचा? आमच्याकडे वर्षानुवर्षं कुत्रा-मांजर बंद आहे आणि सगळे गुण्यागोविंदाने राहतात.

मनीची_आई
काका, आमच्याकडेही असंच ठरलं होतं. सविस्तर लिहिते.

आमच्याकडे लॅब्राडोर आहे, सोसायटी कोथरूडची, दोन लिफ्ट. सातव्या मजल्यावरच्या एका लहान मुलाला कुत्र्यांची भीती आहे, खरी भीती, नाटक नाही. त्याच्या वडिलांनी तक्रार केली आणि सभेत ठराव झाला: कुत्रे फक्त मागच्या लिफ्टने न्यायचे, नियम मोडला तर दर वेळी 1000 रुपये दंड, आणि शिवाय दरमहा 500 रुपये 'प्राणी शुल्क'. मागची लिफ्ट बंद पडली की आठवडा आठवडा दुरुस्त होत नाही. त्या काळात आम्ही पुढची वापरली. पुढच्या मेंटेनन्स बिलात 'श्वान दंड' अशी वेगळी ओळ आली.

मी भांडायला गेले नाही. सेक्रेटरींना पत्र दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्यात एवढंच विचारलं: हा दंड कोणत्या उपविधीखाली, म्हणजे सोसायटीच्या कोणत्या नोंदणीकृत नियमाखाली आहे, सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्या, आणि मला कारणे दाखवा नोटीस कधी दिली ते सांगा. उत्तर आलं, 'सर्वांच्या हितासाठी.' तोपर्यंत बिलातली बाकी रक्कम मी भरत राहिले आणि प्रत्येक वेळी लिहून दिलं की वादातली रक्कम वगळून भरत आहे. हे महत्त्वाचं, कारण पूर्ण बिलच थांबवलं तर तुम्ही थकबाकीदार होता. उपविधींप्रमाणे थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज चढू शकतं आणि निवडणुकीला उभं राहायचा हक्कही जातो. मग मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

सहकारातला_जुना
मनीच्या आईंनी अगदी बरोबर केलंत. मी बरीच वर्षं सोसायट्यांचं लेखापरीक्षण केलंय, म्हणून थोडं.

काका, सभेला अंतिम अधिकार आहेत, पण सहकार कायद्याचं कलम 72 नीट वाचा. ते अधिकार कायदा आणि नियमांच्या अधीन राहून दिले आहेत. सभेतला साधा ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधीत नवं कलम घालायचं तर 14 दिवसांची नोटीस, हजर आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बहुमत, आणि त्यानंतर निबंधकांकडे नोंदणी. ही नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती लागूच होत नाही. बहुतेक 'आचारसंहिता' या पायरीपर्यंत कधी पोचतच नाहीत, गोंद लावून नोटीस बोर्डावर चिकटतात आणि तिथेच राहतात.

दंडाचंही तेच. सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींत दंड आहे, पण एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 5000 रुपये, तोही आधी कारणे दाखवा नोटीस देऊन आणि सभासदाचं म्हणणं सभेत ऐकून. सेक्रेटरीने परस्पर बिलात ओळ टाकणं म्हणजे दंड नव्हे.

मात्र उलट बाजूही सांगतो. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही फ्लॅटमध्ये करू नये, हे त्याच उपविधींत स्पष्ट आहे. 'माझं घर, माझी मर्जी' हेही चालत नाही. सोसायटीचं खरं क्षेत्र म्हणजे सामायिक जागा आणि इतरांना होणारा त्रास. घरात कोण राहतं, काय शिजतं, कोण येतं, हे त्यात बसत नाही.

कोकणी_माणूस
हे वाचून बरं झालं. आमच्याकडेही वरच्या मजल्याच्या बाथरूममधून गळती आहे, प्लास्टर पडतंय, तो दाद देत नाही आणि सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. याला कोणता उपविधी लागतो?

पेठेतला_प्रवासी
कोकणी_माणूस, गळतीचा वेगळा धागा काढा, नक्की येतो.

मनीची_आई
पुढचं सांगते. जुन्यांनी सांगितलं त्या मुद्द्यांवर मी दुसरं पत्र दिलं. सोबत भारतीय पशु कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक जोडलं. त्यात म्हटलंय की बहुमत असलं तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत. शिवाय आमच्या कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीची नोंद जोडली. मग कमिटीने बोलावलं.

तिथे त्या मुलाचे वडीलही होते. सगळ्यात जास्त उपयोगी त्यांचंच बोलणं झालं. त्यांना बंदी नको होती, लिफ्टचं दार उघडल्यावर अचानक समोर कुत्रा नको होता. ठरलं असं: मागची लिफ्ट चालू असेल तर आम्ही तीच वापरू, बंद असेल तर कोणतीही, आणि मूल वाट बघत असेल तर आधी ते जाईल. पट्टा नेहमी आखूड धरायचा. दंडाच्या रकमा पुढच्या बिलात वजा झाल्या. पण 'प्राणी शुल्क' अजून बिलात येतंच आहे आणि मी ते अजून भरत नाहीये. लिफ्टमधली पाटीही तशीच आहे.

दादरची_दुपार
माझी दुसरी बाजू. आमच्या मजल्यावरचा कुत्रा सासूबाईंना चावला. पट्टा नव्हता. मालक म्हणे, 'तो कधी चावत नाही.' ते परिपत्रक दाखवून उलट आम्हालाच गप्प करतात. चावलेल्या माणसासाठी कुठलं परिपत्रक आहे?

सहकारातला_जुना
आहे. पाळलेल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 291. त्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, थेट पोलीस ठाणं. डॉक्टरांचे कागद आणि लशींची बिलं सांभाळा. पट्टा लावा, विष्ठा उचला, असं सांगणं यात गैर काही नाही. बंदी वेगळी आणि शिस्त वेगळी. आणखी एक, मंडळाचं परिपत्रक हे मार्गदर्शक आहे, कायदा नाही. त्याला वजन आहे, पण ते दाखवलं की संपलं असं नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राणीबंदीचे असे नियम बेकायदा ठरवले, तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण दाखवण्यासारखा नक्की आहे.

तबलजी_आजोबा
आमचं घर संगीताचं. नातू संध्याकाळी तबला वाजवतो, सून गाण्याची शिकवणी घेते, पाच-सहा मुली येतात. खालच्या बाईंनी तक्रार केली, सोसायटीने लिहिलं की 'निवासी जागेत व्यवसाय' बंद करा. मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप दाखवून म्हणतात 70 डेसिबल! तबला 70 नाही तर काय 20 असणार? पण हा आकडा खरा मानायचा का?

ठाणेकर_काका
दिवसा 55, रात्री 45, ही निवासी भागाची कायदेशीर मर्यादा आहे आजोबा. म्हणजे तुमचा नातू गुन्हेगार.

सहकारातला_जुना
काका, आकडे बरोबर, वापर चुकीचा. ध्वनिप्रदूषण नियम 2000 मधली ती परिसराची मर्यादा आहे, तबल्याशेजारी मोबाईल धरून मोजायची नाही. आजोबांच्या हॉलमध्ये काय येतं यापेक्षा खालच्या घरात काय पोचतं ते बघा. रात्री म्हणजे दहा ते सहा. त्या वेळेत वाजवत असाल तर तुमची बाजू लंगडी आहे. संध्याकाळी सातला वाजवत असाल तर कमिटीने आधी खालच्या बाईंच्या घरी बसून ऐकावं.

शिकवणीचं मात्र वेगळं. पाच मुली आणि पन्नास मुली यांत फरक आहे. चपलांनी जिना अडतो का, गाड्या कुठे लागतात, यावर पुष्कळ ठरतं. अशा प्रकरणांत मी दोन्ही बाजूंचे निकाल पाहिलेत, म्हणून खात्रीने काही सांगणार नाही.

तबलजी_आजोबा
डग्ग्याखाली जाड सतरंजी घातली आहे. खालच्या बाई म्हणतात, धमधम थोडी कमी झाली. क्लासच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.

हिंजवडीची_भाडेकरू
अविवाहितांबद्दल. आम्ही तिघी मैत्रिणी, करार नोंदवलेला, पोलीस पडताळणी झालेली. चेअरमन म्हणाले, 'मुलींना फ्लॅट देतो, पण रात्री साडेदहानंतर गेट बंद.' माझी शिफ्टच अकराला संपते. वॉचमन रोज वहीत वेळ लिहितो आणि चेअरमन दुसऱ्या दिवशी मालकांना फोन करतात. शेवटी मालकच कंटाळले, म्हणाले, कटकट नको, फ्लॅट सोडा. भांडायचं कोणी? मी तर सभासदही नाही.

सहकारातला_जुना
अडचण तिथेच आहे. सभासद तुमचे मालक, त्यामुळे सोसायटीविरुद्ध उभं राहायचं तर त्यांनीच. आदर्श उपविधींप्रमाणे भाड्याने द्यायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागत नाही, आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यायची, एवढंच. फ्लॅट भाड्याने दिला की मालकाला लागणारं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. अविवाहित म्हणून नाकारायची तरतूद नाही. पण मालकाने पाय मागे घेतला की हे सगळं कागदावर राहतं.

बंगळूरकर_मराठी
आमच्याकडे असोसिएशन आहे, सहकारी सोसायटी नाही, त्यामुळे वरचं बरंच काही लागू होत नाही. नियम डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रात असतात. पुण्यातही बऱ्याच इमारती 'अपार्टमेंट' आहेत, 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या. पत्र लिहिण्याआधी आपलं नक्की काय आहे ते बघा, नाहीतर चुकीच्या कायद्याचा आधार घेऊन बसाल.

पेठेतला_प्रवासी
हे उपयोगी. आमची सहकारीच आहे. मी सेक्रेटरींकडे इतिवृत्त आणि उपविधींची नोंदणीकृत प्रत मागितली. ते म्हणाले, 'प्रत बिल्डरकडे असेल.'

सहकारातला_जुना
उपविधींची प्रत कार्यालयात हवीच. ती आणि इतिवृत्त रीतसर शुल्क भरून मागा, लेखी. दिली नाहीत तर उपनिबंधकांकडे तक्रार होते, कागद न देणं ही त्यांच्याकडची बाब आहे. ठरावच चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर मात्र सहकार न्यायालय, कलम 91. या दोन दारांची गल्लत करून लोक वर्ष घालवतात.

ठाणेकर_काका
सगळ्यांनी कोर्टातच जायचं ठरवलंय वाटतं. आमच्या सोसायटीची आचारसंहिता नोंदणीकृत आहे का, ते आज सेक्रेटरीला विचारतो. बघू, काय सांगतो.