'विक्रीची टक्केवारी' म्हणजे नेमकी कुठली विक्री? आणि 'कार्य' कशाचं?

शेवटच्या बाकावरची: बीकॉमला आहे, जाहिरात विषय घेतलाय. पुस्तकात जाहिरातीचं बजेट ठरवायच्या पद्धती दिल्यात त्यात एक 'विक्रीची टक्केवारी पद्धत' आणि एक 'उद्दिष्ट व कार्य पद्धत'. पहिलीत विक्री म्हणजे गेल्या वर्षाची का पुढच्या वर्षाची हे लिहिलेलंच नाही. दुसरीत 'कार्य' वाचलं की मला सत्यनारायणाचं कार्य आठवतं. आणि त्याच धड्यात आयडा आहे, लक्ष, रुची, इच्छा, कृती, तर रुची आणि इच्छा यात फरक काय ओ? मला दोन्ही एकच वाटतात. कुणीतरी साध्या मराठीत सांगा.

कडक भाकरी: टक्केवारी म्हणजे काय हे सोलापुरात विचारलालीस व्हय बे 😂 कुठल्याही ठेकेदाराला विचार, बिल निघायच्या आधी कुणाकुणाला किती ते तोंडपाठ असतंय.

शेवटच्या बाकावरची: ती टक्केवारी नाही हो, परीक्षेत ही लिहिली तर सर पेपर फ्रेम करून लावतील.

चाटी गल्ली: मी सांगतो, आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. एप्रिल लागला की सीएकडनं मागच्या वर्षाचा विक्रीचा आकडा घ्यायचा आणि त्यातले तीन टक्के जाहिरातीला बाजूला काढायचे, वडिलांपासून असंच चालू आहे. म्हणजे विक्री गेल्या वर्षाचीच. आणि उद्दिष्ट म्हणजे टार्गेट, यंदा चाळीसाचे पन्नास लाख करायचे की झालं उद्दिष्ट. कार्य म्हणजे त्यासाठी पळापळ. यात अवघड काय आहे?

रिटायर्ड जाहिरातवाला: चाटी गल्ली, तुमचं पहिलं अर्धं बरोबर आणि दुसरं जरा थांबून बघण्यासारखं आहे. विक्री दोन्ही अर्थांनी धरतात, कुणी झालेली धरतं, कुणी येत्या वर्षाची अंदाजी धरतं, म्हणून उत्तरात दोन्ही लिही बाळ. पण खरी गंमत अशी की कुठलीही धरली तरी गाडी उलटीच जुंपली जाते. जाहिरात केली म्हणून विक्री होते असं आपण मानतो ना, मग इथं विक्री झाली म्हणून जाहिरात ठरते. आणि अंदाजी विक्री धरावी तर तो अंदाज बांधायलाच आधी जाहिरात किती करणार ते माहीत पाहिजे, ती विचारायला गेलं की म्हणणार आधी विक्री सांगा. एक प्रश्न विचारतो चाटी गल्ली, राग मानू नका, ज्या वर्षी धंदा बसला त्याच्या पुढच्या वर्षी काय केलं?

चाटी गल्ली: राग कसला. दुकानापुढचा रस्ता खोदून ठेवला होता त्या वर्षी चाळीसाचे तीस लाख झाले. मग तीन टक्क्यांनी एक लाख वीस हजाराच्या जागी नव्वद हजार काढले.

रिटायर्ड जाहिरातवाला: बघा. रस्ता नीट झाला, गिऱ्हाईकाला परत बोलवायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच होती, आणि तेव्हाच तीस हजार कमी. तुमची चूक म्हणत नाही, पद्धतीचा स्वभावच तो आहे. ज्याची विक्री वाढली त्याला ती जास्त देते आणि ज्याला गरज आहे त्याचं कापते. तिची चांगली बाजू पण आहे, खिशाबाहेर खर्च जात नाही, हिशोब एका ओळीत होतो आणि घरात भांडण होत नाही. पण तीनच टक्के का, दोन का नाहीत, पाच का नाहीत, याला तिच्याकडं उत्तर नसतं.

शुद्धलेखन: 'कार्य'ऐवजी सरळ 'कामं' म्हणावं असं सुचवतो. मूळ इंग्रजीत टास्क आहे, म्हणजे नेमून दिलेलं काम. उद्दिष्ट ठरवा, त्यासाठी कोणकोणती कामं करावी लागतील ते लिहा, प्रत्येक कामाचा खर्च लिहा, बेरीज म्हणजे बजेट. सत्यनारायण आपोआप बाहेर पडतो.

रिटायर्ड जाहिरातवाला: अगदी. फक्त 'उद्दिष्ट म्हणजे पन्नास लाख' इथं अडतंय. पन्नास लाख ही विक्री झाली आणि ती एकट्या जाहिरातीच्या हातात नसते, भाव, माल, रस्ता, पाऊस, लग्नतिथी सगळं त्यात येतं. रसेल कॉली म्हणून एक जण होता, त्यानं 1961 सालीच हा मुद्दा लावून धरला की जाहिरातीला असं उद्दिष्ट द्या जे जाहिरातीनं होण्यासारखं आहे, म्हणजे अमुक लोकांपैकी इतक्यांना इतक्या मुदतीत हे माहीत झालं पाहिजे किंवा पटलं पाहिजे. आणि इथंच पोरीचा आयडा कामाला येतो, पुस्तकात दोन वेगळे धडे असले तरी.

चाटी गल्लीचंच उदाहरण घेऊ, आकडे मी धरलेले आहेत. समजा त्यांना जुळे सोलापूरकडची 600 नवी गिऱ्हाइकं तीन महिन्यांत पाहिजेत. आता शेवटाकडनं मागं चालायचं. दुकानात आलेल्या तिघांतला एक घेतो असं धरलं तर 1,800 जण दुकानात आले पाहिजेत. ज्यांना दुकान नीट माहीत झालं त्या दहातला एक प्रत्यक्ष येतो धरलं तर 18,000 जणांना माहीत पाहिजे. पेपरात घातलेल्या चार पॅम्फ्लेटांतलं एकच कुणी डोळ्याखालनं घालतं, बाकीची तीन डब्याखाली जातात, म्हणजे 72,000 पॅम्फ्लेट. छापून पेपरात घालून दीड रुपयाला एक धरलं तर 1,08,000 रुपये.

चाटी गल्ली: एवढी पॅम्फ्लेटं टाकायची म्हणजे त्याच घरांत तीन-तीनदा जाणार की ओ. आणि अख्ख्या वर्षाचं बजेट एका भागात?

रिटायर्ड जाहिरातवाला: हेच तर या पद्धतीचं देणं आहे, ती बजेट सांगायच्या आधी उद्दिष्ट झेपणारं आहे का ते सांगते. आता दोन वाटा आहेत. एक, उद्दिष्ट 300 वर आणा. दुसरी, साखळीत गळती कुठं आहे ती बघा. तिघांतला एक घेतोय तिथं दोघांतला एक घ्यायला लागला तर त्याच 600 साठी 1,200 जण आले तरी पुरतात, मग 12,000 जणांना माहीत पाहिजे आणि 48,000 पॅम्फ्लेट, म्हणजे 72,000 रुपये. छत्तीस हजार वाचले, आणि ते जाहिरातीत काही न करता, दुकानाच्या आत. दोन्ही केलं, म्हणजे 300 आणि दोघांतला एक, तर 36,000 त काम होतंय.

शेवटच्या बाकावरची: बापरे सरांनी हे असं सांगितलंच नाही. पण रुची आणि इच्छा राहिलं.

चाटी गल्ली: ते मी सांगतो, रोज काउंटरवर बघतो. एक बाई येते, टॉवेल हातात घेते, विचारते किती जीएसएमचा आहे, रंग जातो का, सोलापुरातच विणलाय का. सगळं विचारून "बघून येते" म्हणून जाते. दुसरी येते ती टॉवेल उलगडते, खांद्यावर टाकून बघते आणि म्हणते ह्याच रंगात सहा मिळतील का, आहेराला द्यायचेत. पहिली मालाबद्दल विचारते, दुसरी स्वतःच्या घराबद्दल बोलायला लागते. मला वाटतं पहिली रुची आणि दुसरी इच्छा.

रिटायर्ड जाहिरातवाला: यापेक्षा चांगलं मी पण सांगितलं नसतं. हे सूत्र एल्मो लुइसच्या नावावर सांगतात, 1898 च्या आसपासचं, आणि ते विक्रेत्यांच्या दुनियेतलंच आहे, समोर उभ्या गिऱ्हाइकाला हाताळायचं. म्हणून काउंटरवरच्या माणसाला ते लगेच कळतं.

कडक भाकरी: पण गड्ड्याच्या यात्रेत माझा बाप काहीही न बघता चादर उचलून आणतोय, घरी आल्यावर आईला विचारतोय कशी आहे. लक्ष नाही, रुची नाही, डायरेक्ट कृती. तुमचा आयडा कुठं गेला मग?

रिटायर्ड जाहिरातवाला: हा चेष्टेतला मुद्दा नाही, आयडावरची जुनी टीका हीच आहे. स्वस्त, सवयीच्या वस्तूला माणूस आधी घेतो आणि आवड नंतर ठरवतो. तिथं मागं चालायचं गणित डळमळतं हे मान्यच.

शेंगाचटणी: मी घरून शेंगा चटणी विकते, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेते. रीलला चिक्कार व्ह्यू आले, ऑर्डरी मोजून चार. नवरा म्हणतो अजून पैसे टाकून रील बूस्ट कर. मी विक्रीच्या किती टक्के टाकू?

रिटायर्ड जाहिरातवाला: टक्का नंतर बघू. लोक मेसेजात काय विचारतात ते आधी सांगा.

शेंगाचटणी: तिखट किती, लसूण आहे का, पुण्याला पाठवता का, भाव किती. पाव किलोला कुरिअर सांगितलं की रिप्लायच बंद, कारण कुरिअर जवळजवळ चटणीएवढंच पडतंय.

रिटायर्ड जाहिरातवाला: मग लक्ष झालं, रुची झाली, पुण्याला पाठवता का विचारलं म्हणजे इच्छा पण झाली. अडलंय शेवटच्या पायरीवर. रील बूस्ट केली तर कुरिअर ऐकून गप्प होणारे लोक वाढतील फक्त. किलोच्या पॅकला कुरिअर आपल्या अंगावर घेऊन बघा, दोन मैत्रिणी मिळून मागवतील.

चाटी गल्ली: मग ते कुरिअर जाहिरातीच्या बजेटात धरायचं का? मी दुकानात टॉवेल हाताळायला वेगळा रॅक केला तर तो पण? सीए म्हणणार फर्निचर.

शुद्धलेखन: सूट, सॅम्पल, फुकट कुरिअर याला विक्रयवृद्धी म्हणतात, जाहिरात वेगळी. एकत्र धरू नये.

रिटायर्ड जाहिरातवाला: पुस्तकात वेगळी आहे, बरोबर. पण कामाची यादी करताना मी धरतो, कारण गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा खर्च तोच आहे. यावर आमच्या ऑफिसात पण कधी एकमत झालं नाही.

चाटी गल्ली: शेवटचं एक. दहातला एक येतो, तिघांतला एक घेतो हे आकडे तुम्ही धरले. मी कुठनं आणू?

रिटायर्ड जाहिरातवाला: सगळा पैसा एकदम टाकू नका. दोन-तीन गल्ल्यांपुरती दोन हजार पॅम्फ्लेटं टाका, खाली फाडून आणायची चिठ्ठी ठेवा, चिठ्ठी आणली तर लहान नॅपकिन. किती चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या किती बिलाला लागल्या ते पोराला वहीत लिहायला लावा. जुनी गिऱ्हाइकं पण चिठ्ठी आणतील, त्यांच्यापुढं खूण करा नाहीतर आकडा फुगतो. आणि लग्नसराईत टाकलं तर ते प्रमाण श्रावणात लावू नका.

चाटी गल्ली: चिठ्ठी न आणता नुसता आला आणि म्हणाला पॅम्फ्लेट बघून आलोय तर?

कडक भाकरी: त्याला नॅपकिन देऊ नको म्हणजे झालं.

शेवटच्या बाकावरची: आठ मार्काला हे सगळं लिहू का फक्त व्याख्या?