मदत हवी आहे: रिफ्रॅक्टरी पिरियड 1 मिलिसेकंदाचा, मग माझा न्यूरॉन सेकंदाला 1000 वेळा फायर का होत नाही?

कुर्ल्याची_कोमल
नमस्कार. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हॉजकिन-हक्सले यांचं 1952 चं स्क्विड अ‍ॅक्सॉनचं मॉडेल पायथॉनमध्ये लिहिलंय. तापमान मूळ पेपरातलंच, 6.3 अंश. विश्रांतीचं व्होल्टेज -65 मिलिव्होल्ट.

1 मिलिसेकंदाचा 10 चा करंट पल्स (मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर) दिला की छान स्पाइक येतो. वर जातो, उतरतो, -75 च्या जवळपास बुडी मारतो आणि मग हळूहळू -65 ला येतो. तोच पल्स 10 मिलिसेकंदांनी पुन्हा दिला तर काहीच होत नाही, नुसता उंचवटा. 60 दिल्यावर कसाबसा एक ठेंगणा स्पाइक येतो.

सतत 10 दिला तर सेकंदाला साधारण 68 स्पाइक्स. करंट वाढवला की वाढतात, पण 1000 च्या आसपाससुद्धा जात नाहीत. आणि 200 ला तर एक स्पाइक येऊन सगळं शांत! क्लासच्या नोट्समध्ये "अ‍ॅब्सोल्यूट रिफ्रॅक्टरी 1 मिलिसेकंद, म्हणून कमाल 1000" असं लिहिलंय. कोड चुकलाय का? सोमवारी व्हायवा आहे.

सोसायटीचा_सेक्रेटरी
कोड बरोबर असणार. स्पाइकमध्ये सोडियम आत आलं, पोटॅशियम बाहेर गेलं. आता सोडियम-पोटॅशियम पंपाने सगळं जागेवर आणेपर्यंत दुसरा स्पाइक कसा येईल? आमच्या बिल्डिंगसारखंच आहे. पंप चालवून गच्चीवरची टाकी भरेपर्यंत नळाला पाणी नाही.

परळचे_काका
सेक्रेटरीसाहेब, उदाहरण तुमचंच घेतो. एका बादलीने तुमची टाकी रिकामी होते का? एका स्पाइकमध्ये जाणारे आयन इतके थोडे असतात की आतबाहेरचं प्रमाण जवळजवळ हलत नाही. 1955 मध्ये हॉजकिन आणि केन्स यांनी विष घालून पंप बंद पाडला, तरी स्क्विडचा अ‍ॅक्सॉन पुढे बराच वेळ स्पाइक्स देत राहिला. पंप लागतो, पण दिवसभराच्या हिशेबाला. दोन स्पाइक्समधल्या अंतराचा हिशेब चॅनलच्या दारांचा आहे.

कोमल, तुझ्या कोडमधल्या h च्या दोन ओळी इथे टाक बाळा.

कुर्ल्याची_कोमल
काका, या घ्या:

```python
ah = 0.07*np.exp(-(V+65)/20)
bh = 1/(1+np.exp(-(V+35)/10))
```

परळचे_काका
बरोबर आहेत. आता कॅल्क्युलेटर घे. h म्हणजे सोडियम चॅनलचं मागचं दार किती प्रमाणात उघडं आहे ते. किती वेळात बदलतं ते `1/(ah+bh)` वरून कळतं, आणि शेवटी कुठे स्थिरावतं ते `ah/(ah+bh)` वरून.

स्पाइकच्या टोकाला, +40 जवळ, वेळ येतो 1 मिलिसेकंद आणि h निघतो शून्याकडे. म्हणजे दार फटकन लागतं. बुडीत, -75 ला, वेळ येतो साडेसात मिलिसेकंद, आणि h जायचा असतो 0.87 कडे. लागायला 1, उघडायला साडेसात! समज, स्पाइक संपताना h 0.1 आहे. -75 ला 3 मिलिसेकंद बसलं तर तो 0.35 होतो, 0.5 व्हायला साडेपाच लागतात. व्होल्टेज खाली आलेलं दिसतं म्हणून आपण समजतो की पेशी तयार झाली. आलेखात व्होल्टेज दिसतं, दार दिसत नाही. h आणि n त्याच आलेखावर काढ, निम्मं कोडं तिथेच सुटेल.

उरलेलं निम्मं पोटॅशियमचं. n म्हणजे पोटॅशियम चॅनलचं दार किती उघडं आहे ते, विश्रांतीत तो 0.32 असतो. तो 0.5 ला असतानाच तू दुसरा पल्स दिलास असं धर. फरक छोटा वाटतो, पण करंटमध्ये n चा चौथा घात येतो: 0.01 च्या जागी 0.06. म्हणजे पोटॅशियमची गळती सहापट. तुझा 10 चा पल्स त्या गळतीतच वाहून जातो. 60 ने गळतीवर मात केली, पण सोडियमची दारं अर्धवटच उघडी, म्हणून स्पाइक ठेंगणा. हाच रिलेटिव्ह रिफ्रॅक्टरी काळ. सततच्या करंटला तर दर वेळी ही बुडी चढूनच यावं लागतं. तुझा वेग तिथे अडतो, नोट्समधल्या 1 वर नाही.

आणि तो 1 मिलिसेकंद सस्तन प्राण्यांच्या नसांचा, 37 अंशांचा. तुझा स्क्विड फ्रिजमध्ये बसलाय. या मॉडेलमध्ये दर 10 अंशांना दारांचा वेग तिप्पट धरतात.

विक्रोळी_वाला
विषय थोडा वेगळा आहे, पण विचारतोच. भाच्याला फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे. डॉक्टर म्हणाले की नसांचं "जास्त फायरिंग" थांबवते. मग त्याचा हा रिफ्रॅक्टरी पिरियड कायमचा वाढला का? अभ्यासात मागे पडेल का?

परळचे_काका
प्रश्न दिसतो तितका वेगळा नाही. फेनिटॉइन मुख्यतः त्या लागलेल्या दाराला धरून बसतं आणि उघडायला उशीर लावतं. सावकाश फायर होणाऱ्या पेशीला पुरेसा वेळ मिळतो, तिचं फारसं अडत नाही. फिटमध्ये धडाधड फायर होणारीला तो मिळत नाही. कायमचं काही नाही, औषध रक्तात असेपर्यंतच. अभ्यासाचं आणि डोसचं मात्र त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. मनाने गोळी बंद करू नका.

कुर्ल्याची_कोमल
h, n काढले. 10 मिलिसेकंदांना खरंच दोन्ही जागेवर नाहीत 🙈 पण 200 ला शांत का? तिथे तर करंट भरपूर आहे.

परळचे_काका
शांत झाल्यावर व्होल्टेज किती दिसतं?

कुर्ल्याची_कोमल
-40 च्या आसपास अडकलंय.

परळचे_काका
मग -40 घालून बघ. h स्थिरावतो 0.05 वर. दार उघडायला व्होल्टेज खाली यायला हवं, आणि तुझा करंट त्याला खाली येऊच देत नाही. याला डीपोलरायझेशन ब्लॉक म्हणतात. माझ्या लेखी हाही रिफ्रॅक्टरीच, फक्त न संपणारा. या मॉडेलमध्ये तो 150 च्या थोडा वर सुरू होतो.

सायन_न्यूरो
काका, एक भर घालते. सगळं खापर h वर फोडू नका. मेंदूतल्या काही इंटरन्यूरॉन्स सेकंदाला शेकडो स्पाइक्स देतात, कारण त्यांच्यातले Kv3 जातीचे पोटॅशियम चॅनल पटकन उघडतात आणि पटकन बंदही होतात. उतार वेगाने होतो आणि गळती मागे राहत नाही. आणि ब्लॉकला रिफ्रॅक्टरी म्हणणं मला पटत नाही. रिफ्रॅक्टरी म्हणजे स्पाइकनंतरचा काळ. करंट हळूहळू चढवला तर एकही स्पाइक न येता ब्लॉक येऊ शकतो.

परळचे_काका
Kv3 चं मान्य. शब्दाबद्दल नाही. दार तेच, कारण तेच. आम्ही बेडकाच्या सायॅटिक नर्व्हला दोन शॉक देऊन ते जवळजवळ आणायचो. दुसरा प्रतिसाद एकदम नाहीसा व्हायचा नाही, लहान लहान होत जायचा, कारण आत हजारो तंतू आणि प्रत्येकाचा काळ वेगळा. तिथे कुठे रेघ मारणार?

सायन_न्यूरो
तो अनेक तंतूंचा प्रश्न झाला काका, हा एकाच पडद्याचा आहे. व्हायवाला परीक्षक माझ्यासारखा निघाला तर पोरगी अडकेल 😄

कुर्ल्याची_कोमल
दोन्ही मतं लिहून ठेवते. अजून एक, 100 च्या पुढे स्पाइक्स बुटके होत जातात. मी 0 मिलिव्होल्ट ओलांडलं की एक मोजते, तर आकडा अचानक शून्य येतो. रेघ -20 ला आणली तर पुन्हा मोजले जातात. रिपोर्टमध्ये कुठला आकडा टाकू?

सायन_न्यूरो
दोन्ही टाक, आणि रेघ कुठे धरलीस ते आलेखाखाली लिही.