विषय: स्टोव्हचं दार उघडलं की धूर घरात

अमोल (व्हरमाँट):
नमस्कार मंडळी, गेल्या वर्षी घर घेतलं त्यात बेसमेंटला लाकडाचा स्टोव्ह आहे, हल्ली त्याचं दार उघडलं की धूर खोलीत येतो, काच तासाभरात काळी होते आणि स्टोव्हची हवेची झडप पूर्ण उघडी ठेवली तरी आग आपली मरगळलेलीच. चिमणी विटांची, बाहेरच्या भिंतीला चिकटून वर गेलेली. कोणी म्हणतं ती आणखी उंच करा. खरंच करायची का?

स्नेहल (न्यू जर्सी):
अरे आमचं डिट्टो असंच झालं होतं! बर्न पॉटची भोकं राखेने बुजली होती, मागच्या पाइपच्या टी ची टोपी काढली तर आत बादलीभर राख. ती काढली, एक्झॉस्टचा फॅन साफ केला, झालं. फॅनचा आवाज बदललाय का बघ.

अमोल:
ताई तुमचा भुशाच्या गोळ्यांचा, पेलेटचा असेल, माझ्याकडे फॅनच नाही हो, नुसती ओंडकी.

श्रीकांत (मिनेसोटा):
पाइन जाळतोयस का? पाइनने चिमणीत क्रिओसोटचा डांबरासारखा थर बसतो, बंद कर. आणि रोज सकाळी तासभर फुल हवा देऊन दणकून आग कर, सगळं जळून जातं, आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

विनायककाका (न्यू हॅम्पशायर):
श्रीकांत, अर्धं बरोबर आहे तुझं. स्वच्छ चिमणीत रोज गरम आग केली तर नवीन थर कमी बसतो, पण आधीच बसलेला जाडा थर जाळायला जाशील तर तीच चिमणीतली आग. आणि दोष पाइनचा नाही, ओलाव्याचा, वाळलेलं पाइन इथे सगळे जाळतात.

अमोल, उंची वाढवायच्या आधी एक कर. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि ड्रायर बंद कर, स्टोव्हजवळची खिडकी थोडी उघड आणि मग दार उघडून बघ. धूर लगेच वर जायला लागला तर घरच हवा ओढतंय, बेसमेंटला हे फार होतं. फरक पडला नाही तर वर काहीतरी अडलंय. खाली उभं राहून दुर्बिणीने चिमणीच्या टोपीची जाळी बघ, ती सगळ्यात थंड जागा, तिथे पहिल्यांदा बुजतं. बर्फात शिडी लावून वर चढू नकोस. आणि एक ओंडका फोड, ताज्या फोडलेल्या बाजूला ओलावा मोजायचं मीटर टोच, बाहेरून कोरडं दिसतं ते खरं नसतं. २० टक्क्यांच्या वर आलं तर आगीची ताकद पाणी उकळण्यात वाया जाते, धूर थंड होतो आणि बाहेरच्या गार विटांना लागला की तिथेच गोठतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेसमेंटला आहे ना? नसेल तर आज आण.

अमोल:
अलार्म आहे. खिडकी उघडून फार फरक नाही. जाळीची भोकं दिसतच नाहीत, सगळी काळी. ओक आहे, विकणाऱ्याने वाळलेलं म्हणून दिलं होतं, मीटर २८ दाखवतं!! आणि आत मातीची चौकोनी नळी आहे, ८ बाय १२ ची.

विनायककाका:
मग झालं तर. स्टोव्हचं तोंड ६ इंची असेल, नळी त्याच्या दुपटीहून मोठी, धूर आत जाऊन रेंगाळतो. ओकला फोडून रचल्यावर दोन उन्हाळे लागतात रे. आता पेटवू नकोस, चिमणीवाल्याला बोलाव आणि आत कॅमेरा घालायला सांग. थर ३ मिलिमीटरचा झाला तर साफ करायलाच हवा.

अमोल:
आला होता. जाळी घासून मोकळी केली, खालच्या भागातली काजळी ब्रशने निघाली, पण वरच्या तिसऱ्या हिश्शात कढईला करपलेल्या पाकासारखा चकचकीत थर आहे, त्यावरून ब्रश नुसता घसरतो. तो म्हणतो आतून ६ इंची स्टीलची नळी घाला, भोवती इन्सुलेशन. दुसऱ्याने फोनवर सांगितलं की आधी फिरत्या साखळ्यांनी तो थर फोडू, नळीचं नंतर बघू.

श्रीकांत:
क्रिओसोटचे ओंडके मिळतात की दुकानात, एक जाळला की साफ. कशाला हजारो डॉलर घालवतोस?

विनायककाका:
ते ओंडके थर जरा ठिसूळ करतात, खाली काढत नाहीत, ब्रश मारावाच लागतो. चकचकीत थरावर त्यांचा भरवसा मी तरी धरणार नाही. साखळ्यांबद्दल मला जरा धाकधूक, मातीच्या नळीला तडे गेले तर? पण चांगला कारागीर सांभाळून करतोही. तसंही स्टीलची नळी घालायच्या आधी हा थर बहुतेक काढावाच लागेल, म्हणून दोघांकडून लेखी घे, कोण काय काढणार आणि इन्सुलेशन धरून किती.

स्नेहल:
काका, आमच्या पेलेटलाही हे क्रिओसोट होतं का? आमचा पाइप आम्ही कधी बघितलाच नाही, फक्त खालची राख काढतो.

विनायककाका:
नीट जळत असेल तर पेलेटला फार कमी, बहुतेक करडी राखच निघते. काळं, चिकट काही दिसलं तर हवा कमी पडतेय असं समज, दाराची गास्केट बघ. दारात डॉलरची नोट धरून दार बंद कर, ओढल्यावर सहज सुटली तर गास्केट गेली.

अमोल:
नोटेचं मीही करून बघितलं, माझ्या बिजागरीकडच्या बाजूला सुटते. हे आधी बदलू का चिमणीचं झाल्यावर?