मदत हवी आहे: नव्या टीव्हीवर जुन्या चॅनेलला हलणाऱ्या कडांवर दाते दिसतात

ओंकार_कोथरूड
मंडळी जरा लवकर सांगा, दुकानातून बदलून घ्यायची मुदत या रविवारी संपतेय. ४३ इंची फोरके टीव्ही घेतला आणि जुने चॅनेल लावले की माणूस हलला रे हलला त्याच्या कडांना आडवे दाते येतात, कंगव्याचे असतात तसे. खाली बातम्यांची पट्टी सरकते ती तर वाचवतच नाही. ॲपवरचं सगळं एकदम स्वच्छ दिसतं. आधीच्या डबा टीव्हीवर हेच चॅनेल इतकी वर्षं नीट दिसत होते. दुकानदार म्हणतो चॅनेलच तसे, शेजारचे काका म्हणतात पॅनल गेलंय. परत करू का?

रसिका_जे
अरे पण केबल की डिश, बॉक्स एसडी की एचडी, टीव्हीला कुठल्या वायरने जोडलाय, काहीच लिहिलं नाहीस. आणि जुने चॅनेल म्हणजे जुने कार्यक्रम दाखवणारे की एसडीवाले?

धायरीकर
वायर बदला. बॉक्सबरोबर येणारी एचडीएमआय वायर अगदी भिकार असते. माझ्याकडे चित्र मधूनमधून काळं व्हायचं, चांगली वायर घेतली, विषय संपला.

ओंकार_कोथरूड
वायर बदलून झाली धायरीकर, काही फरक नाही. रसिका, केबल आहे, बॉक्स एचडी आहे, एचडीएमआयने जोडलाय. चॅनेल दोन्ही प्रकारचे. बाबा सह्याद्री बघतात, जुने मराठी पिक्चर बघतात, क्रिकेट असतंच. गंमत म्हणजे परवा जुना पिक्चर लागला होता त्याचं चित्र ठीक होतं, फक्त खालची पट्टी दातेरी. मग तिथेच एका नाटकाचं रेकॉर्डिंग लागलं तर सगळं दातेरी. म्हणूनच डोकं चालत नाहीये.

सुनीता_एडिट
ओंकार, ही शेवटची दोन वाक्यं पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती, निम्मं उत्तर त्यात आहे. पॅनल अजिबात गेलेलं नाही. पॅनल बिघडलं तर चित्र हलतंय का थांबलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वायर खराब असेल तर चित्र जातं-येतं नाहीतर ठिपके चमकतात, आणि केबलचा सिग्नल कमी पडला तर चौकोनी ठोकळे होतात. फक्त हलणाऱ्या कडेला दाते येतात ते इंटरलेसमुळे. मी अनेक वर्षं एडिटिंगमध्ये काढली आहेत, हे दाते रोज बघितलेत.

आपल्याकडचं एसडी प्रसारण ५७६ रेषांचं, पण त्या एकदम येत नाहीत. सेकंदाला ५० फील्ड येतात, एका फील्डमध्ये एक-तीन-पाच अशा रेषा, पुढच्यात दोन-चार-सहा. पिक्चर ट्यूब ती आली तशी पडद्यावर ओढायची, म्हणून तुमच्या डब्यावर काही जाणवलं नाही. एलईडी पॅनलला अख्खं चित्र एकदम लागतं, त्यामुळे कुणीतरी दोन फील्ड जोडावेच लागतात. पण दुसरं फील्ड पहिल्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने टिपलेलं असतं, तेवढ्यात वस्तू सरकलेली असते.

एचडी चॅनेलवरची पट्टी या टोकापासून त्या टोकाला किती वेळात जाते बघा. समजा आठ सेकंद. म्हणजे १९२० ठिपके आठ सेकंदात, सेकंदाला २४०, एका फील्डला जेमतेम पाच. दोन फील्ड नुसते एकात एक बसवले की अक्षराची उभी रेघ एका ओळीत जागेवर, पुढच्या ओळीत पाच ठिपके बाजूला. तेच तुमचे दाते.

आता पिक्चर आणि नाटक. पिक्चर फिल्मवर सेकंदाला २४ चौकटींचा, आपल्याकडे तो किंचित वेगाने २५ वर चालवतात आणि प्रत्येक चौकटीचे दोन फील्ड करतात. दोन्ही एकाच क्षणाचे, म्हणून जोडले की चित्र पूर्ण जुळतं. पट्टी मात्र चॅनेलने वरून टाकलेली, ती दर फील्डला सरकते. नाटक व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेलं, तिथे प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. म्हणजे तुमच्याकडे जो कोणी फील्ड जोडतोय तो काही न बघता जोडतोय. तो बॉक्स आहे की टीव्ही ते शोधायचं. टीव्हीच्या रिमोटवर इन्फो दाबा आणि काय आकडा येतो तो इथे लिहा.

पिक्सेल_पुणे
उगाच गोंधळ घालू नका त्यांचा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन 1080p करा, बास. i जुनी टेक्नॉलॉजी, p नवीन. p कधीही चांगलं.

ओंकार_कोथरूड
इन्फोमध्ये 1920x1080p 50Hz येतंय. म्हणजे p आधीपासूनच आहे आणि दाते पण आहेत.

सुनीता_एडिट
मग बॉक्सच जोडतोय. पिक्सेल, मूळ चित्रच p असेल तर तुमचं बरोबर आहे. पण केबलवरचं हे चॅनेल i मध्येच, म्हणजे इंटरलेसच येतंय. बॉक्सला 1080p सांगितलं म्हणजे चॅनेल p होत नाही, दोन फील्डचं एक चित्र करायचं काम त्या बॉक्समधल्या स्वस्त चिपकडे जातं एवढंच. टीव्हीला तयार चित्र मिळतं, तो दाते हे चित्राचाच भाग समजून इमानदारीत दाखवतो. टीव्हीतला प्रोसेसर जास्त हुशार असतो, जिथे हालचाल नाही तिथे दोन्ही फील्ड जोडतो आणि जिथे हालचाल आहे तिथे एकाच फील्डवरून मधल्या रेषा भरतो. पण त्याला कच्चं फील्ड मिळालं तर ना. बॉक्स 1080i वर टाकून बघा.

मंदार_सदाशिव
सुनीताताई तुम्ही भेटलातच तर विचारतो. माझ्या बहिणीच्या लग्नाची मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, वरातीत सगळे दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असे थरथरत चालतात. टीव्हीमुळेच होत असेल का?

रसिका_जे
मंदार वेगळा धागा काढ ना, ओंकारला रविवारची घाई आहे.

सुनीता_एडिट
असू दे, छोटंच आहे. टीव्हीचा दोष नाही. फील्ड उलट्या क्रमाने दाखवले जातायत. आपल्याकडच्या डीव्ही कॅसेटमध्ये खालचं फील्ड आधी असतं, प्रसारणात बहुतेक वेळा वरचं आधी. सॉफ्टवेअरने उलटं धरलं की नंतरचा क्षण आधी दिसतो आणि माणूस मागेपुढे होतो. क्रम स्पष्ट सांगून परत करा:

```
ffmpeg -i varat.avi -vf bwdif=mode=send_field:parity=bff -c:v libx264 -crf 18 -c:a aac varat.mp4
```

यात सेकंदाला ५० चित्रं मिळतील, चाल गुळगुळीत दिसेल. मूळ फाइल मात्र पुसू नका.

धायरीकर
या निमित्ताने आठवलं, आमच्याकडे अँटेना सिंहगडाच्या दिशेला फिरवायची आणि खालून कोणीतरी ओरडायचं, आलं आलं, थांब. तेव्हा मुंग्या दिसायच्या पण दाते कधी नाही दिसले.

ओंकार_कोथरूड
1080i केलं. एचडीवर क्रिकेटमधले दाते पूर्ण गेले! पण पट्टीची अक्षरं आता वरखाली थरथरतायत, आणि एसडी चॅनेल तर दाते नाहीत पण एकदम भुरकट दिसतायत. हे बरं झालं की वाईट तेच कळेना.

पिक्सेल_पुणे
गेम मोड चालू आहे का त्या पोर्टवर? बऱ्याच टीव्हीत गेम मोडमध्ये वेळ वाचवायला चित्रावरची सगळी मेहनत बंद करतात, प्रत्येक फील्ड नुसतं ताणून दाखवतात. त्यात एक फील्ड अर्ध्या रेषेने वर, एक खाली, म्हणून बारीक आडव्या रेघा थरथरतात.

ओंकार_कोथरूड
हो, होता! भाच्याने गेम लावला होता त्या पोर्टवर. बंद केला, पट्टी स्थिर झाली. थँक्स यार. एसडीचं काय पण?

सुनीता_एडिट
पिक्सेलनी नेमकं पकडलं. एसडीचं असं की ५७६ रेषांचं इंटरलेस चित्र बॉक्सला 1080i करून द्यायचंय, म्हणजे पुन्हा बॉक्सचाच हात लागतो. बरेच बॉक्स सोपा मार्ग घेतात, २८८ रेषांचं एकेक फील्ड सुटं ताणून ५४० करतात, त्यात उभा तपशील जातो. एसडी बघताना बॉक्स 576i वर ठेवा, मग कच्चं चित्र टीव्हीकडे जाईल. काही बॉक्समध्ये Native किंवा Original असा पर्याय असतो, चॅनेल जसं येतं तसंच पुढे पाठवतो. तुमच्यात तो असेल तर दोन्ही प्रश्न एकदम सुटले.

शिरीष_औंध
एवढं करण्यापेक्षा केबल काढून टाका आणि सगळं ॲपवर बघा. आमच्याकडे केबलच नाही.

रसिका_जे
शिरीष, त्याने तो प्रश्न विचारलाच नाहीये. आणि ॲपवर टाकण्याआधी फील्ड त्यांनाही कधीतरी जोडावे लागलेच ना, तिथे चुकलं तर तिथेही दाते दिसतात. मी स्वतः जुन्या मुलाखतींमध्ये बघितलेत.

ओंकार_कोथरूड
Native नाहीये माझ्यात, 576i, 720p, 1080i, 1080p एवढेच. 576i वर सह्याद्रीचं नाटक सुंदर दिसलं, बाबा म्हणाले डब्यासारखं नीट झालं. पण एका एचडी चॅनेलवर जुनी मालिका लागते, 1080i वर क्रिकेट स्वच्छ आणि या मालिकेला अजून दाते. गेम मोड बंदच आहे. आता हे काय?

सुनीता_एडिट
पडद्याजवळ जाऊन, कोणी हात हलवत असेल तेव्हा मोबाईलने कडेचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटीमीटर, त्यात १०८० रेषा, म्हणजे एक रेष अर्ध्या मिलिमीटरची. दाता अर्ध्या मिलिमीटरचा आणि टोकदार असेल तर तो टीव्हीकडून सुटलाय. एक मिलिमीटरच्या आसपास आणि कडा पुसट असेल तर तो चॅनेलकडूनच आलाय.

ओंकार_कोथरूड
काढला. जाड आहेत, मिलिमीटरला थोडे कमी, आणि पुसट.

सुनीता_एडिट
मग चॅनेलकडेच कधीतरी ती जुनी टेप एचडी करताना दोन फील्ड न सोडवता तसेच उभे ताणले. ५७६ चे १०८० म्हणजे जवळजवळ दुप्पट, म्हणून दाता जाड. तुमचा टीव्ही एकाआड एक रेषेतला फरक शोधतो, हे दाते एका रेषेपेक्षा जाड आणि पसरलेले, त्याला ते चित्रच वाटतं. घरी बसून यावर इलाज नाही. यासाठी टीव्ही परत करू नका, दुसऱ्या टीव्हीवरही तसंच दिसेल.

पिक्सेल_पुणे
मला हे पटत नाही पूर्ण. चांगल्या टीव्हीत शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन नीट लावलं तर बरंच लपतं.

सुनीता_एडिट
शार्पनेस कमी केला तर दाते थोडे बोथट होतील, मान्य. पण त्याबरोबर चेहराही बोथट होतो. ओंकार, करून बघा आणि बाबांनाच विचारा त्यांना काय बरं वाटतं ते.

ओंकार_कोथरूड
टीव्ही ठेवतोय. शार्पनेस आज रात्री बघतो. पण एसडी-एचडी बदलताना दर वेळी बॉक्सच्या मेनूत चार पायऱ्या खाली जावं लागतं, ते बाबांना जमणार नाही. रिमोटवरच्या एका बटणाने 576i आणि 1080i बदलतं असं कोणाच्या केबल बॉक्समध्ये आहे का?

धायरीकर
माझ्या रिमोटवर आहे असं बटण, V.Format लिहिलंय. दाबलं की चित्र दोन-तीन सेकंद काळं होऊन परत येतं. तुझ्या रिमोटचा फोटो टाक, बघून सांगतो.