मदत हवी आहे: सोफ्यावरचा चॉकलेट आइस्क्रीमचा डाग वाळला की परत वर येतो

सुलभा_फोंडा: बदामी कापडी सोफा आहे, कव्हर निघत नाही. साबणाच्या पाण्याने दोनदा पुसला. ओला असताना स्वच्छ दिसतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी कडं उमटतं. मुलीच्या पांढऱ्या सुती फ्रॉकवरही फिकट डाग राहिलाय. इस्त्री केलेली नाही. काय करू?

नरेश म्हापसा: गरम पाणी वापरा. चॉकलेटमध्ये फॅट असतं, थंड पाण्याने हलणार नाही.

वैशाली_मडगाव: नरेशभाऊ, फॅटचं बरोबर आहे, पण आइस्क्रीममध्ये दूधही आहे, आणि गरम पाण्याने ते धाग्यात घट्ट बसतं. म्हणून आधी थंड, कोमट नंतर.

सुलभाताई, फ्रॉक उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर पडेल. मग भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटाने चोळून पंधरा मिनिटं ठेवा. त्यानंतर एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. तरीही पिवळट छटा राहिली तर केमिस्टकडचं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, दहा मिनिटांनी धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको.

सोफ्याचं कारण वेगळं आहे. पुसताना दूध-साखर पाण्याबरोबर फोममध्ये उतरली. वाळताना पाणी वर येतं, सोबत तीही येते आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर साचते. जास्त पाणी ओतलंत तर कडं मोठं होईल.

जोस्ना: काजूच्या बोंडूच्या रसाच्या डागालाही हेच चालेल का? युनिफॉर्मवर पडलाय.

वैशाली_मडगाव: नाही हो, तो डाग फार चिवट. त्यासाठी वेगळा धागा काढा.

सुलभाताई, आधी सोफ्याखालचं लेबल बघा. W किंवा WS असेल तरच पाणी. S असेल तर पाणी अजिबात नको. पाणी चालत असेल तर कपभर पाण्यात अर्धा चमचा लिक्विड घालून फेटा आणि नुसता फेस घ्या. पांढऱ्या फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपत या, घासू नका. फडक्यावर तपकिरी येईनासं झालं की साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण टिपून काढा. साबण राहिला तर तिथे धूळ धरते. शेवटी कोरडा जाड टॉवेल चार पदरी ठेवून वर पाट्यासारखं जड काहीतरी रात्रभर ठेवा. वर येणारं पाणी टॉवेल पितो, कडं त्याच्यावर उमटतं.

नरेश म्हापसा: आणि पेरॉक्साइड सोफ्यावर?

वैशाली_मडगाव: मागच्या कोपऱ्यात थेंब टाकून बघितल्याशिवाय नको, बदामी रंग उडू शकतो.

सुलभा_फोंडा: लेबलवर W आहे. पण पावसात टॉवेल ठेवून कुबट वास नाही ना येणार?

वैशाली_मडगाव: सकाळी टॉवेल काढून लगेच पंखा समोर लावा. हात दाबल्यावर फोम गार लागला तर आत ओल आहे, पंखा चालूच ठेवा.

सुलभा_फोंडा: फ्रॉक पहिल्याच भिजवण्यात निघाला. सोफ्यावर टॉवेलने कडं बरंच फिकं झालं, पण शिवणीजवळ अजून दिसतं. तिथे परत करू का?

वैशाली_मडगाव: करा, पण पूर्ण वाळल्यावर. शिवणीत पाणी साठतं, तिथलं मी खात्रीने सांगत नाही.