मदत हवी आहे: गोळ्या निम्म्या केल्या तरी गेममध्ये कोणी घाबरत नाही

अर्धवट_डेमो

जरा लवकर सांगा, शनिवारी डेमो दाखवायचा आहे.

हॉरर गेम करतोय. जिथे बघावं तिथे एकच वाचायला मिळतं, की गोळ्या कमी द्या, बॅग लहान ठेवा, ताण आपोआप येतो. म्हणून 90 गोळ्यांच्या 40 केल्या आणि बॅगेत 6च स्लॉट ठेवले. मित्रांना खेळायला दिला तर घाबरणं राहिलं बाजूला, सगळे वैतागले. एकजण तर जांभया देत होता. मोठ्या गेममध्ये हेच चालतं, मग माझ्यात का नाही? नेमका आकडा किती ठेवू तेवढं सांगा.

सावळागोंधळ

कशाचा आकडा? शत्रू किती, एकाला किती गोळ्या लागतात, हातघाईचं काही हत्यार आहे का, सेव्ह कसं होतं, यातलं काहीच लिहिलं नाहीये. नुसत्या 40 वरून काय सांगणार?

जुनाट_कन्सोल

मुळात हे ताणबिण सगळं नंतर चिकटवलेलं तत्त्वज्ञान आहे. पहिला रेसिडेंट ईव्हिल 1996 चा. तेव्हाच्या कन्सोलला मेमरीच नव्हती, म्हणून स्लॉट कमी. दार उघडतानाचं ते हळू अ‍ॅनिमेशनही लोडिंग लपवायला होतं. मजबुरी होती, लोकांनी तिची कला केली. आज 30 स्लॉट द्या, काही बिघडत नाही.

किल्लीवाली

दाराचं बरोबर आहे, स्लॉटचं नाही. त्याच गेममध्ये जिल हे पात्र घेऊन खेळलं तर 8 स्लॉट मिळतात आणि ख्रिस घेतला तर 6. कन्सोल तोच, डिस्क तीच. मेमरी अडत होती तर जिलला दोन जास्त कुठून आले? शिवाय जिलकडे कुलूप उघडायचं अवजार असतं, ख्रिसला त्याच जागी छोट्या किल्ल्या वागवाव्या लागतात. बदल्यात ख्रिस जास्त मार सोसतो. हे मोजूनमापून केलेलं आहे.

धागाकर्ते, सावळागोंधळ यांनी विचारलेलं आधी सांगा. आणखी एक: शत्रूला न मारता पुढे जाता येतं का?

अर्धवट_डेमो

शत्रू 12. एकाला 4 गोळ्या. लोखंडी रॉड आहे, तो मोडत नाही. सेव्ह आपोआप होतं, प्रत्येक दाराशी. शेवटी बॉस आहे, त्याला साधारण 15 लागतात. न मारता पुढे जाता येत नाही, खोली साफ झाली की दार उघडतं. हे नॉर्मलच आहे ना? आकडा सांगा प्लीज.

पळपुटा

माझीही सेम अडचण! 2019 च्या रेसिडेंट ईव्हिल 2 मध्ये पोलिस स्टेशनात अडकलोय. बॅग फुल, गोळ्या दोन. काय फेकू? की अमर्याद गोळ्यांची काही ट्रिक आहे?

सावळागोंधळ

हा गेम बनवण्याचा धागा आहे हो. पण आलाच आहात तर बॅग उघडून बघा. ज्या किल्लीवर लाल खूण आली असेल तिचं काम संपलंय, ती खुशाल टाका. कमरेच्या पिशव्या शोधा, एकेकीने दोन स्लॉट वाढतात. आणि समोर दिसलेला प्रत्येक झॉम्बी मारायचा नसतो. गुडघ्यावर गोळी घाला, तो कोसळला की बाजूने सटका.

किल्लीवाली

पळपुटा यांना दिलेलं शेवटचं वाक्य धागाकर्त्यांनाच लागू आहे.

तुमचा हिशोब मांडून बघू. नवखा खेळाडू तीनातली एक गोळी वाया घालवतो असं धरा. 40 मधल्या 26-27 लागल्या. एकाला 4, म्हणजे सहाजण पडले आणि सातव्याशी गोळ्या संपल्या. शत्रू 12, आणि मारल्याशिवाय दार उघडत नाही. मग उरलं काय? रॉड. न मोडणारा. मित्र जांभया देत होते त्या वेळी हातात रॉडच होता ना?

अर्धवट_डेमो

हो. पण तुम्हाला कसं कळलं?

किल्लीवाली

कारण तुमच्या गेममध्ये दुसरं काही करताच येत नाही. 90 होत्या तेव्हा 60 लागत होत्या, 48 शत्रूंना आणि बाकीच्यातून जवळजवळ बॉसही निघत होता. 40 केल्यावर गोळी मौल्यवान झाली नाही, नुसतं काम वाढलं. ‘ही गोळी याच्यावर खर्चू की याला असाच सोडू?’ हा प्रश्न पडला तर छातीत धडधडतं. तुमच्याकडे सोडायची सोयच नाही, तर प्रश्न पडणार कुठून?

म्हणून पहिलं, दारं उघडी करा. 40 तशाच राहू द्या. आता 12 पैकी सहाच मारता येतात, सहा मागे जिवंत राहणार. कुठले सहा, हे खेळाडू ठरवेल. त्यासाठी निदान काही ठिकाणी शत्रूला चकवून जाण्याइतकी रुंदी हवी. बोळ इतका अरुंद असेल की धरलंच जातं, तर दार उघडं ठेवून उपयोग नाही.

बॉसच्या गोळ्या या 40 मध्ये धरू नका. त्याच्या आधीच्या खोलीत 20-22 वेगळ्या ठेवा, नाहीतर कोणीतरी शून्य गोळ्यांनी तिथे पोचेल, गेम दाराशी सेव्ह होईल आणि तो कायमचा अडकेल.

फुकटचा_सल्ला

एवढी आकडेमोड कशाला? गोळ्या कमी झाल्या की गेमनेच टाकायच्या. रेसिडेंट ईव्हिल 4 मध्ये हेच आहे, तुमच्याकडे काय कमी आहे ते बघून शत्रूकडून माल पडतो. दोन ओळींचं काम:

```
if bullets < 6 and randf() < 0.5:
    spawn_ammo(3)
```

किल्लीवाली

तिथे चालतं, कारण तो गेम मारत सुटण्याचा आहे. शत्रू सतत येत राहतात, सामान सतत पडत राहतं. इथे मोजून 12 शत्रू आहेत. सहा गोळ्यांच्या खाली गेलं की मिळतात हे एकदा लक्षात आलं, की हुशार माणूस मुद्दाम गोळ्या उडवेल. शिवाय शत्रू मारल्यावर गोळ्या मिळत असतील तर टाळून जाणारा मूर्ख ठरतो.

फुकटचा_सल्ला

खेळणाऱ्याला कळतच नाही हो ते. मी कित्येक वर्षं खेळलो, मला नंतर वाचून कळलं.

धुकं_धुकं

सगळे एकाच गेमभोवती फिरताय. 1999 च्या सायलेंट हिलमध्ये स्लॉटची मर्यादा नाही. सापडेल ते उचला. गोळ्याही नीट शोधल्या तर भरपूर. तरी रेडिओ खरखरला की माझा हात थांबतो. शत्रू दिसण्याआधी आवाज येतो, आणि टॉर्चच्या पलीकडे काही दिसत नाही. बॅग लहान करून भीती येते हीच अंधश्रद्धा आहे.

किल्लीवाली

मान्य, भीतीचा तो वेगळा रस्ता आहे. पण तिथे पुढे काय असेल याची भीती आहे. मी म्हणते ती भीती, पुढे काय आहे हे पक्कं माहीत असण्याची आहे.

धुकं_धुकं

माहीत असलेल्या गोष्टीची कसली भीती? त्याला काळजी म्हणतात.

अर्धवट_डेमो

तुमचं नंतर चालू द्या. दारं उघडी केली. खरंच फरक पडला, लोक पळायला लागले. पण आता बॅगेच्या 6 स्लॉटवर सगळे चिडतात. 8 करू का?

सावळागोंधळ

सहांत काय काय मावतं ते लिहा की. आणि सामान ठेवायची पेटी कुठे आहे?

अर्धवट_डेमो

पिस्तूल, गोळ्या, औषध, टॉर्च. हे चार कायम. उरले दोन. पंप चालू करायला तीन व्हॉल्व्ह न्यायचे असतात, ते तिन्ही पूर्वेच्या भागात मिळतात. पेटीही तिथेच, पंप पश्चिमेला. मधे लांब व्हरांडा, त्यात दोन शत्रू.

किल्लीवाली

8 अजिबात करू नका. तुमच्याकडे नकळत उत्तम रचना तयार झालीये.

दोन स्लॉट मोकळे, व्हॉल्व्ह तीन. म्हणजे दोन व्हॉल्व्ह न्यायचे, परत यायचं, तिसरा न्यायचा. व्हरांडा तीनदा ओलांडावा लागतो, आणि पंपानंतर पूर्वेला काही काम असेल तर चारदा. त्या दोघांना मारायचं तर 8 गोळ्या लागायला हव्यात, वाया जाणाऱ्या धरून 12. एकदाच जायचं असेल तर 12 गोळ्या म्हणजे उधळपट्टी, कोणीही चकवून निघून जाईल. चारदा जायचं असेल तर प्रत्येक वेळी धरले जाण्याचा धोका आहे, आणि 12 स्वस्त वाटायला लागतात. की आधी औषध पेटीत ठेवून तिन्ही व्हॉल्व्ह एकदम न्यायचे आणि जखमी न होण्याची आशा धरायची? बघा, खेळाडू व्हरांड्याच्या तोंडाशी उभा राहून विचार करतोय.

8 स्लॉट दिलेत तर तिन्ही व्हॉल्व्ह एका फेरीत जातात, औषधही सोबत राहतं, आणि व्हरांड्यातले दोघे सजावटीला उरतात. गोळीला किंमत येते ती बॅगेमुळे.

जुनाट_कन्सोल

म्हणजे हेलपाटे घालायला लावायचे. यालाच आम्ही टाइमपास म्हणायचो.

किल्लीवाली

व्हरांडा साफ झाल्यावर घातलेला हेलपाटा टाइमपासच आहे, ते खरं. पहिल्या रेसिडेंट ईव्हिलच्या 2002 च्या रिमेकमध्ये त्यावर इलाज केला होता. मारलेला झॉम्बी तसाच पडू दिला तर काही वेळाने लाल होऊन उठतो, आधीपेक्षा वेगवान. डोकं उडालं किंवा प्रेत जाळलं तरच सुटका. जाळायला रॉकेलची बाटली लागते, ती बॅगेत एक स्लॉट खाते आणि थोड्याच वेळा पुरते. त्यामुळे मारून झाल्यावरही हिशोब संपत नाही.

आणि पेटीच काढून टाकायचा मोह आवरा. रेसिडेंट ईव्हिल झीरोमध्ये पेटी नाही, सामान जमिनीवर टाकायचं. बरेचजण सगळं एकाच खोलीत ओतून ठेवतात आणि पुढचा वेळ तिथून आणण्यात जातो.

फुकटचा_सल्ला

रॉडचं काय? काढून टाका.

सावळागोंधळ

काढू नका, मोडता ठेवा. तीन वेळा धरलं गेल्यावर सुटायला उपयोगी पडेल एवढाच. आणि दर दाराशी सेव्ह होतंय ते आधी बंद करा. चार गोळ्या वाया गेल्या की मागचं सेव्ह उघडायचं, मग कसली काटकसर? सेव्हची जागा पेटीपाशी, एकच.

धुकं_धुकं

आणि वीज गेली की तासाभराची मेहनत पाण्यात. ताण येईल खरा, गेमचा नाही.

अर्धवट_डेमो

रॉड तीनदा चालेल असा केला. सेव्ह पेटीपाशी नेलं, पण गेम बंद करताना एक तात्पुरतं सेव्ह ठेवलंय, पुन्हा उघडलं की पुसलं जातं. आता शेवटचं. माळ्यावर एक शत्रू आणि 8 गोळ्या आहेत. तिथे आता कोणी जातच नाही, गोळ्या पडून राहतात. खाली आणून ठेवू का?

किल्लीवाली

राहू द्या वर. चार-सहा खर्चून आठ मिळतात, वर मार खाण्याचा धोका. जाणारा जाईल. फक्त पायऱ्यांवरून त्या दिसतील असं करा, नाहीतर न जाण्याचा निर्णय घेतलाय हेच कोणाला कळणार नाही.

फुकटचा_सल्ला

माझं मत, खाली आणा. शनिवारी दहा मिनिटं खेळून बघणारा माळ्यावर चढत नसतो.

पळपुटा

गुडघ्यावर गोळी मारली, जमलं. पण आता एक टोपीवाला उंच माणूस मागे लागलाय, तो पडतच नाही. याला किती गोळ्या लागतात?